बार्थोलिनची गाठ तीन दिवसांत लिंबाएवढी झाली. नुसती चीर देऊन पू काढावा की टाके घालून तोंड उघडं ठेवावं?

मीनल_ऐरोली – मंगळवार, रात्री ११:१०

नवा आयडी काढलाय, कारण विषयच तसा आहे. पुरुष सभासदांनी वाचलं तरी हरकत नाही, पण सल्ला जरा विचार करून द्या.

वय ३२. राहायला ठाण्यात, नोकरी ऐरोलीला. दोन वर्षांपूर्वी आंघोळ करताना योनीच्या तोंडाशी, उजव्या बाजूला खाली, वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली होती. दुखत नव्हती. तेव्हाच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, बार्थोलिनची गाठ आहे, त्रास देत नाही तोवर तिला हात लावायचा नाही. मीही विसरून गेले.

शनिवारी जीन्सची शिवण टोचतेय असं वाटलं. रविवारी गाठ बोराएवढी आणि काल लिंबाएवढी. आता नुसतं चाललं तरी ठणका मस्तकात जातो. काल वाशी गाडीत एका मावशींनी कौतुकाने सरकून जागा दिली आणि मला बसता येईना. "पुढे उतरायचंय" म्हणून दारात उभी राहिले, पुढे म्हणजे थेट ऐरोली. आज अंगात १०० ताप आहे.

फॅमिली डॉक्टरांनी काल अँटिबायोटिक दिलं. खरं सांगायचं तर मी त्यांना फक्त "गळू झालंय" म्हटलं, जागा सांगितलीच नाही. आज दोन ठिकाणी जाऊन आले. घराजवळचे सर्जन म्हणाले, तिथल्या तिथे इंजेक्शन देऊन चीर देतो, पू काढतो, पंधरा मिनिटांत घरी. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणाल्या, कमरेतून भूल देऊन मार्सुपियलायझेशन करू, म्हणजे टाके घालून तोंड उघडं ठेवू, सकाळी ॲडमिट, संध्याकाळी घरी. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. नवरा म्हणतो, दुसरीकडे बिल फुगवतायत. मला उद्या सकाळी ठरवायचंय. कोणी यातून गेलंय का?

शेवंती – रात्री ११:२२

अगं बाई गं. अनुभव नाही, पण जागी आहे. लिहीत राहा.

नाना_घोडबंदर – रात्री ११:३१

मूळव्याध असणार. सुरण खा, ताक प्या, तिखट बंद. मला २०१५ मध्ये असाच कोंब आला होता, बसता येत नव्हतं.

शेवंती – रात्री ११:३३

नाना, परत एकदा वाचा. जागा वेगळी आहे.

नाना_घोडबंदर – रात्री ११:४०

वाचलं. माफ करा ताई. सुरणाचा सल्ला मागे घेतो.

स्वरूपा_वाशी – रात्री ११:५८

मी नवी मुंबईत ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे, चौदा वर्षं. डॉक्टर नाही, पण ही केस टेबलावर महिन्यातून एकदा तरी बघते.

आधी ही गाठ येते कशी ते सांगते, म्हणजे दोघांच्या सांगण्यातला फरक लक्षात येईल. योनीच्या तोंडाला घड्याळाची तबकडी समजलीस तर चारच्या आणि आठच्या ठिकाणी दोन छोट्या बार्थोलिन ग्रंथी असतात. सगळं ठीक असतं तेव्हा त्या हाताला लागतही नाहीत. प्रत्येकीची दोनेक सेंटिमीटरची एक नळी आत उघडते आणि तिच्यातून ओलावा येतो. या नळीचं तोंड बुजलं की ओलावा मागे साठतो आणि नळीच फुगते. ती तुझी दोन वर्षांपूर्वीची वाटाण्याची गाठ. आता त्या साठलेल्या पाण्यात जंतू गेलेत आणि त्याचा पू झालाय. तीन दिवसांत वाढणं, एकाच बाजूला असणं, वरची कातडी लाल, ताणलेली आणि गरम लागणं, चालता-बसता न येणं ही सगळी त्याचीच लक्षणं. ताप प्रत्येकीला येतोच असं नाही, तुला आलाय.

आता मुद्दा. पू काढणं सोपं आहे. अडचण नंतर येते. त्या जागी चीर फार लवकर मिटते. नुसती चीर दिली की त्या रात्री स्वर्गसुख, आणि आठवड्याभरात कडा चिकटून तोंड परत बंद. नळी मुळात बुजलेलीच आहे, मग ओलावा जाणार कुठे? परत साठणार. म्हणून बाई म्हणतात ते बिल फुगवणं नाही. मार्सुपियलायझेशनमध्ये गाठ उघडून तिची आतली भिंत बाहेरच्या त्वचेला विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवून टाकतात. खिशाचं तोंड शिवतात तसं. मग ते मिटत नाही, आणि आकसत आकसत ग्रंथीला कायमचं नवं बारीक तोंड मिळतं.

तुला सध्या मधुमेह, गरोदरपण यातलं काही आहे का? आणि हलकेच बोट लावलंस तर गाठ मध्ये पाण्याच्या फुग्यासारखी दबते, की सगळीकडून टणक आहे?

मीनल_ऐरोली – बुधवार, रात्री १२:०९

मधुमेह नाही, निदान माहीत तरी नाही. पाळी गेल्या आठवड्यात येऊन गेली. मध्ये मऊ आहे, बाजूने टणक. बोट लावलं आणि डोळ्यांतून पाणी आलं.

स्वरूपा_वाशी – रात्री १२:१४

मग पिकलंय. टणक असतं तर एक-दोन दिवस शेकून थांबा म्हणतात, कारण कच्च्यात चीर दिली की पू कमी आणि रक्त जास्त. तुझं आता थांबण्यासारखं नाही. झोपताना उजव्या कुशीवर नको, आणि गाठ दाबू नकोस.

निशिगंधा७७ – रात्री १२:३०

मी यातून चार वेळा गेलेय. तीन वेळा चीर, एकदा शहाणपण.

पहिल्यांदा कोपरखैरण्याला एका छोट्या दवाखान्यात चीर दिली. लोकल इंजेक्शन दिलं म्हणतात, पण मला तर ते इंजेक्शनच चिरीपेक्षा जास्त लागलं. सुजलेल्या जागी ते नीट चढत नाही, हे मला नंतर कळलं. पू निघाला तेव्हाची सुटका शब्दांत सांगता येणार नाही, टेबलावरच हसायला लागले. पाच महिन्यांनी परत. मग परत. दुसऱ्या वेळी तर चीर बाहेरच्या बाजूला, केस असतात त्या कातडीवर दिली. तिथे व्रण राहिलाय आणि सायकलवर बसलं की अजून जाणवतो.

चौथ्यांदा मार्सुपियलायझेशन. त्याला आता सहा वर्षं झाली, काही नाही. तीन वेळचा खर्च, सुट्ट्या आणि रिक्षाचे खड्डे यांची बेरीज केली तर मी सुरुवातीलाच ते करायला हवं होतं.

मीनल, कुठेही कर, पण चीर आतल्या, ओल्या बाजूने देणार ना, हे विचारून घे.

स्वरूपा_वाशी – रात्री १२:३६

निशिगंधाताई, शेवटच्या वाक्याला शंभर मार्क. नळी जिथे उघडायला हवी तिथेच नवं तोंड हवं, म्हणजे आतल्या बाजूला. बाहेरून दिली तर व्रण राहतो, आणि कधीकधी तिथून झिरपत राहतं.

मेडिकलवाला_कळवा – सकाळी ७:४५

माझं मेडिकल आहे. एवढं घाबरवू नका हो त्यांना. असं गळू घेऊन बऱ्याच जणी येतात. पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स आणि सूज उतरायची गोळी घेतली की बरं होतं. ऑपरेशनची घाई करू नये. आणि स्पष्ट बोलतो, हे लैंगिक आजारातून होतं, त्यामुळे नवऱ्यालाही कोर्स द्यावा.

स्वरूपा_वाशी – सकाळी ८:०२

दादा, तुमचं अर्धं बरोबर आहे. आसपासची कातडी लाल होत पसरत असेल, ताप असेल, बाई गरोदर असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर अँटिबायोटिक देतातच. पण पुवाची पिशवी भरली की औषध रक्तातून तिच्या आत पुरेसं पोचत नाही. पू बाहेर काढणं हाच इलाज, गोळी त्याच्या जोडीला. "बरं झालं" म्हणून तुमच्याकडे परत न आलेल्या काही जणींचं गळू आपोआप फुटलेलं असतं. तसं होतं कधीकधी, शेक घेताना फुटतं.

आणि नवऱ्याचं म्हणाल तर यात बहुतेक वेळा सापडतात ते आपल्याच आतड्यातले ई. कोलायसारखे जंतू. गोनोरिया, क्लॅमिडिया हेही कारण असू शकतं, म्हणून डॉक्टर पू तपासायला पाठवतात किंवा त्याची चाचणी सांगतात. चाचणीत आलं तर दोघांनाही औषध. न तपासता घरात बॉम्ब टाकू नका.

मेडिकलवाला_कळवा – सकाळी ८:१५

बॉम्ब शब्द जास्त झाला. बाकी मान्य. पण सगळ्यांनाच ऑपरेशन परवडत नाही, हेही लिहा.

स्वरूपा_वाशी – सकाळी ८:१९

लिहिते. महापालिकेच्या आणि सरकारी रुग्णालयात हे होतं. रांग लागते, पण इतका ठणका असताना ओपीडीची वाट बघायची नसते, अपघात विभागात जायचं.

आजीबाईचा_बटवा – सकाळी ८:४०

जवसाचं पोटीस बांधा. आमच्या माहेरी खारेपाटणला गळवाला तेच करायचे. एका रात्रीत तोंड येतं. नाहीतर सुई तापवून हलकेच टोचायची.

निशिगंधा७७ – सकाळी ८:४४

आजी, पोटीस पाठीवरच्या गळवाला. या जागी गरम पोटीस बांधलं तर भाजून दुसरंच दुखणं यायचं. आणि सुई? मी तिसऱ्या वेळी हा उद्योग करून बघितलाय. पू थेंबभर आला, सूज दुप्पट झाली. तिथे रक्तवाहिन्यांचं जाळं आहे, घरात सुई नको.

आजीबाईचा_बटवा – सकाळी ८:५०

बरं बाई. पण शेकाला तरी ना म्हणू नका.

स्वरूपा_वाशी – सकाळी ९:०५

शेकाला कोण ना म्हणतंय, तो तर डॉक्टरही सांगतात. बसता येईल एवढं कोमट पाणी, दिवसातून तीन-चार वेळा, दहा-पंधरा मिनिटं. पाण्यात डेटॉल, सॅव्हलॉन, तुरटी, कडुनिंब काही घालायचं नाही, नुसतं पाणी. कोपर बुडवून बघायचं. बाळाच्या आंघोळीला चालेल तेवढंच गरम.

कापूरबावडी_क्वीन – सकाळी ९:२०

अवांतर: ठाण्यातल्या वन बीएचकेमध्ये बसायचं कशात? टब ठेवला तर दार बंद होत नाही. मी बाळंतपणानंतर टाक्यांसाठी सासूबाईंची पुरणाची परात घेतली होती. त्यांना अजून सांगितलेलं नाही आणि यंदाच्या होळीलाही पोळ्या त्याच परातीत झाल्या.

शेवंती – सकाळी ९:२३

मी तुझ्याकडे होळीला येणार होते.

अनुजा_घणसोली – सकाळी ९:३०

मेडिकलमध्ये कमोडवर बसवायचं प्लॅस्टिकचं भांडं मिळतं. कमोडची सीट वर करून ठेवायचं. परातीची अब्रू वाचते.

डॉ_अबोली – सकाळी १०:१०

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. एरवी इथे पाककृतींपुरतीच असते, पण हा धागा बघून लिहावंसं वाटलं. सिस्टरांनी छान समजावलंय. एका गोष्टीत माझं मत थोडं वेगळं आहे.

पूर्ण भरलेल्या गळवावर लगेच मार्सुपियलायझेशन करायचं का, यावर आमच्यातच एकमत नाही. सूज असताना भिंत ठिसूळ झालेली असते, टाका घातला की फाटतो. म्हणून काही जण आधी पू काढून, सूज उतरल्यावर गाठ पुन्हा भरली तरच शिवतात. काही जण त्याच बैठकीत सगळं उरकतात आणि तेही चांगलं जमतं. दोन्ही पद्धती चुकीच्या नाहीत.

आणि तिसरा एक पर्याय इथे कोणी सांगितलाच नाही, वर्ड कॅथेटर. बारीक रबरी नळी, टोकाला फुगा. आतल्या बाजूने जेमतेम अर्धा सेंटिमीटर छेद द्यायचा, पू काढायचा, नळी आत सरकवून फुग्यात दोन-तीन मिली सलाइन भरायचं. नळीचं दुसरं टोक योनीत वळवून ठेवायचं. ती चार आठवडे राहते आणि तेवढ्यात तिच्याभोवती नवी वाट तयार होते. भूल लोकल पुरते, टाका नाही. नेदरलँड्स आणि इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी ही नळी आणि मार्सुपियलायझेशन समोरासमोर ठेवून बघितले होते. २०१७ मध्ये छापून आलं. वर्षभरात गाठ परत येण्याचं प्रमाण दोन्हीत जवळपास सारखंच, दहात एक. म्हणजे शिवलं तरी शंभर टक्के हमी नाही, हे मीनलने धरून चालावं.

स्वरूपा_वाशी – सकाळी १०:२२

मॅडम, पटलं. पण ती नळी आमच्याकडे मागवूनही वेळेवर येत नाही. एकदा तर लहान मुलांची लघवीची फोली नळी वापरून भागवलं. आणि पेशंट तिसऱ्या दिवशी नळी हातात घेऊन परत येते, "सिस्टर, हे पडलं."

डॉ_अबोली – सकाळी १०:२६

पडते, खरंय. बहुतेक वेळा छेद फुग्यापेक्षा मोठा झालेला असतो. नव्या हाताने भीतीपोटी चीर लांब दिली की नळी टिकत नाही. फुगा जास्त भरला तर उलट सारखं दुखत राहतं, मग थोडं पाणी काढावं लागतं.

मीनल_ऐरोली – सकाळी १०:४०

रात्रभर झोप नाही. ताप १०१. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडेच जातेय, तीन प्रश्न वहीत लिहून घेतलेत. चीर आतून का, आजच शिवणार की नंतर, आणि पू तपासायला पाठवणार का. नवऱ्याला हा धागा वाचायला दिला. परातीपर्यंत येऊन तो हसला, मग गप्प गाडी काढली.

प्रसाद_मुंब्रा – सकाळी ११:१५

ताईंना शुभेच्छा. एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण घरी घडलंय. माझ्या वहिनीला हेच झालं होतं. लाजेखातर पाच दिवस कोणाला सांगितलं नाही. सहाव्या दिवशी लाली मांडीपर्यंत आली, ती झोपाळल्यासारखी वागायला लागली आणि दुखणं गाठीपुरतं न राहता पोटाच्या खालपर्यंत. रुग्णालयात साखर तपासली तर ३४० निघाली. मधुमेह आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. त्याच रात्री आत घेऊन बरंच मांस साफ करावं लागलं. अकरा दिवस राहिली. आता बरी आहे.

डॉ_अबोली – सकाळी ११:३२

प्रसाद, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. असं क्वचित होतं, पण होतं तेव्हा तासांचा हिशोब असतो. सूज दिसते तेवढी नाही पण दुखणं मात्र असह्य, लाली बघता बघता पुढे सरकतेय, कातडी जांभळी-काळपट पडतेय किंवा बधिर झालीये, थंडी वाजून ताप, गळून गेल्यासारखं होणं. यातलं काही दिसलं तर उद्या सकाळची वाट बघायची नाही. लाली पसरतेय का हे कळत नसेल तर तिच्या कडेने पेनाने रेघ मारा आणि तीन-चार तासांनी बघा. आणि गळू घेऊन येणाऱ्या प्रत्येकीची साखर तपासावी, मग ती बारीक असो की तरुण.

विमलताई_५४ – दुपारी १:०५

मी सहसा फक्त वाचते. मला पाळी गेल्यानंतर, ५२ व्या वर्षी, त्याच जागी गाठ आली. दुखत नव्हती, टणक होती. मैत्रीण म्हणाली, माझीही होती, दुर्लक्ष कर. मुलीने जबरदस्तीने नेलं. डॉक्टरांनी नुसता निचरा केला नाही, गाठीच्या भिंतीचा तुकडा तपासायला पाठवला. आठ दिवस जेवण गेलं नाही. साधी निघाली.

डॉ. अबोली, हे सगळ्यांनाच करतात का, की माझ्याच बाबतीत केलं?

डॉ_अबोली – दुपारी १:४०

चाळिशीनंतर पहिल्यांदाच अशी गाठ आली तर तुकडा तपासायला पाठवतो, पाळी गेलेल्यांमध्ये तर नक्कीच. तिथला कर्करोग अगदी दुर्मीळ आहे, पण तो सुरुवातीला अशाच गाठीसारखा दिसू शकतो. टणक, एका जागी घट्ट बसलेली, हळूहळू वाढणारी गाठ असेल तर वय कमी असलं तरी आम्ही तसंच करतो. तुमच्या मुलीने बरोबर केलं. ३२ वर्षांच्या आणि तीन दिवसांत फुगलेल्या मीनलने यावर झोप घालवू नये.

अनुजा_घणसोली – दुपारी २:१०

ग्रंथीच काढून टाकली तर कटकटच मिटेल ना? माझ्या जावेला तसं सुचवलंय.

निशिगंधा७७ – दुपारी २:२५

मलाही तिसऱ्या वेळी सुचवलं होतं. मी घाबरून नाही म्हटलं. डॉक्टर सांगतील.

डॉ_अबोली – दुपारी ३:००

तो शेवटचा पर्याय. ग्रंथीच्या खाली रक्तवाहिन्यांचा गुच्छ आहे, रक्तस्राव बराच होतो, नंतर व्रण आणि संबंधाच्या वेळी दुखणं राहू शकतं. शिवूनही पुन्हा पुन्हा येतेय अशा बाईलाच आम्ही ते करतो, आणि तेही पू नसताना. तुमच्या जावेची किती वेळा शिवून झाली आहे?

अनुजा_घणसोली – दुपारी ३:०८

एकदाही नाही. दोनदा चीर दिली. म्हणजे विचारायला हवं.

कापूरबावडी_क्वीन – संध्याकाळी ५:३०

ऑफिसात काय कारण सांगायचं यावरही कोणीतरी लिहा. मी माझ्या वेळी "दाढ काढली" म्हणून मेल केला होता आणि परत गेल्यावर आठवडाभर सगळ्यांसमोर मऊ भात खाल्ला.

मीनल_ऐरोली – गुरुवार, रात्री ९:२०

झालं. सगळं सांगते.

काल गेल्या गेल्या साखर तपासली, १०२, जेवणाआधीची. बाईंना तिन्ही प्रश्न विचारले, चिडल्या नाहीत. म्हणाल्या, आतूनच देणार, पू तपासायला जाणारच, आणि शिवायचं की नाही ते टेबलावर भिंत बघून ठरवीन. कमरेतून भूल दिली. पाय जड झाले आणि पाच दिवसांत पहिल्यांदा त्या जागेचं अस्तित्व विसरले. भूल देणाऱ्या डॉक्टरांना मी "थँक्यू" इतक्या वेळा म्हटलं की ते कंटाळले.

पू जवळजवळ ३० मिली निघाला. वास भयंकर, खोलीतली सिस्टर मास्कवर मास्क चढवत होती. भिंत चांगली होती म्हणून शिवली. दोन सेंटिमीटरची चीर, भोवती सहा-सात टाके, विरघळणारे. संध्याकाळी लघवी झाल्यावर सोडलं. ताप आज सकाळपासून नाही. थोडं रक्त आणि पिवळसर पाणी येतंय, पॅड लावलंय. ते आठवडाभर येत राहील, उलट येणंच चांगलं, असं सांगितलंय. आजपासून कोमट पाण्यात बसायचं, दिवसातून तीनदा. महिनाभर संबंध नाही, पाळीचा कप नाही.

घोडबंदर रोडवरून गाडीने येताना प्रत्येक खड्डा मोजला. भुलीचा अंमल होता म्हणून बरं.

नाना_घोडबंदर – रात्री ९:३५

छान झालं ताई. खड्ड्यांबद्दल मी पालिकेला तीन वेळा लिहिलंय.

शेवंती – रात्री ९:३८

आणि परात?

मीनल_ऐरोली – रात्री ९:४१

प्लॅस्टिकचं भांडं आणलं. मेडिकलवाल्याने विचारलं, "कोणासाठी?" मी म्हटलं, "सासऱ्यांसाठी."

मेडिकलवाला_कळवा – रात्री ९:५०

आम्ही विचारत नाही हो. तो दुसरा असेल.

मीनल_ऐरोली – पुढच्या आठवड्यात, बुधवार

रिपोर्ट आला. ई. कोलाय. मला आधी दिलेलं अँटिबायोटिक त्यावर चालत नाही असं त्यात लिहिलंय, म्हणजे पाच दिवस त्या गोळीवर काढले असते तर. दुसरं औषध पाच दिवस दिलंय. गोनोरिया-क्लॅमिडिया दोन्ही नाही, नवऱ्याने रिपोर्ट माझ्याआधी वाचला.

एक शंका. तिथे अजून कडक गोळा लागतो, सुपारीएवढा. दुखत नाही. परत भरतेय का?

डॉ_अबोली – बुधवार, रात्री

टाक्यांभोवतीची सूज आठवड्याला असतेच. तोंडातून पाणी येतंय का ते बघा. येत असेल तर भरत नाही. पाणी एकदम थांबलं आणि गोळा मऊ होत वाढायला लागला तर दाखवा. न बघता याहून जास्त मी सांगू शकणार नाही, तपासणीची तारीख चुकवू नका.

मीनल_ऐरोली – पाच आठवड्यांनी

गोळा जवळजवळ गेला. बाईंनी तपासून दाखवलं, नवं तोंड टाचणीच्या डोक्याएवढं उरलंय आणि उघडं आहे. परवा वाशी गाडीत चौथी सीट मिळाली. अर्धी बाहेर लटकत होते, तरी बसले.

गुलबक्षी_नेरुळ – त्याच दिवशी

धागा उशिरा सापडला. माझं वय २६. डाव्या बाजूला कालपासून काहीतरी आलंय, वाटाण्याएवढं, टोकाला पांढरं. परवा वॅक्सिंग केलं होतं. हे तेच का?

स्वरूपा_वाशी – त्याच दिवशी

बाहेरच्या, केसांच्या कातडीवर आहे की आत, ओल्या जागेशी?

गुलबक्षी_नेरुळ – त्याच दिवशी

बाहेर. मधोमध केस दिसतोय.

स्वरूपा_वाशी – त्याच दिवशी

मग ते केसतूड दिसतंय, बार्थोलिन नाही. फोडू नकोस, सैल सुती कपडे घाल, कोमट शेक घे. दोन-तीन दिवसांत वाढलं किंवा ताप आला तर दाखव. आणि दाखवताना जागा सांग.